काळानुसार घेतलेल्या नोंदी, एकमेकांना चिकटलेले रेसिड्युअल आणि फसवे स्टँडर्ड एरर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दर महिन्याला, दर तिमाहीला किंवा दर वर्षी घेतलेल्या नोंदींवर रिग्रेशन करणाऱ्यांना पडणारे प्रश्न इथे घेतले आहेत. बहुतेक उत्तरं एकाच उदाहरणातून दिली आहेत, कारण हा विषय सूत्रांपेक्षा आकडे हाताळताना लवकर उलगडतो. उदाहरणातले आकडे हिशोब समजावा म्हणून रचलेले आहेत.

उदाहरण काय आहे?

एका निरीक्षण विहिरीत दर महिन्याला एकदा पाण्याची खोली मोजली, अशी १० वर्षं, म्हणजे १२० नोंदी. ऋतूंमुळे होणारा चढउतार आधीच काढून टाकला आहे. प्रश्न एवढाच की पाणी वर्षानुवर्षं खोल जातंय का. त्यासाठी खोली हा y आणि महिन्याचा क्रमांक हा x घेऊन साधं रिग्रेशन केलं. सॉफ्टवेअरने सांगितलं की उतार दरमहा ०.३० सेंटीमीटर आहे आणि त्याचा स्टँडर्ड एरर ०.१० आहे. टी-व्हॅल्यू ३, पी-व्हॅल्यू साधारण ०.००३. रेषेभोवती नोंदी सरासरी ३८ सेंटीमीटर इकडेतिकडे आहेत.

हे वाचून कोणीही म्हणेल की पाणी खोल जातंय, शंकेला फारशी जागा नाही. मग रेसिड्युअलचा काळानुसार आलेख काढला, तर शून्याच्या वर सलग सात-आठ महिने, मग खाली सलग सहा महिने, मग पुन्हा वर, असं चित्र दिसलं. प्रत्येक रेसिड्युअलचा त्याच्या आधीच्या महिन्याच्या रेसिड्युअलशी सहसंबंध काढला, तो ०.६ आला. या ०.६ ला पुढे ρ म्हणू.

रेसिड्युअल असे एकमेकांना चिकटतात तरी का?

या विहिरीत कारण भौतिक आहे. एखादा महिना नेहमीपेक्षा कोरडा गेला की जमिनीतलं पाणी कमी होतं, आणि ती तूट पुढच्या महिन्यात आपोआप भरून निघत नाही. ती हळूहळू, कित्येक महिन्यांत भरते. त्यामुळे आज रेषेपेक्षा ४० सेंटीमीटर खोल असलेलं पाणी पुढच्या महिन्यात सरासरीने २४ सेंटीमीटर खोल असतं, त्याच्या पुढच्या महिन्यात साधारण १४. दर पायरीला ०.६ ने गुणत जायचं. याच रचनेला एआर-१ म्हणतात.

दुसऱ्या क्षेत्रांत कारणं वेगळी असतात. बेरोजगारी, व्याजदर, रुग्णसंख्या, तापमान यांपैकी कशालाही स्वतःची गती असते. शिवाय आपण मॉडेलमध्ये न घेतलेले घटकही सावकाश बदलतात, आणि त्यांचा सगळा परिणाम रेसिड्युअलमध्ये जाऊन बसतो.

मग ०.३० हा उतारच चुकीचा आहे का?

नाही, आणि गल्लत बहुतेक वेळा इथेच होते. x चं मूल्य त्रुटींवर अवलंबून नसेल, तर त्रुटी एकमेकींशी संबंधित असल्या तरी उताराचा अंदाज एका बाजूला झुकत नाही. महिन्याचा क्रमांक तर पाण्याच्या पातळीवर अवलंबून असूच शकत नाही. म्हणून ०.३० हा प्रामाणिक अंदाज आहे. खोटी आहे ती त्याच्या शेजारी छापलेली खात्री. ०.१० हा आकडा सांगतो की हीच दहा वर्षं वेगळ्या योगायोगांनी पुन्हा घडली असती, तर उतार साधारण एवढा हलला असता. प्रत्यक्षात तो त्याच्या दुप्पट हलला असता.

दुप्पट हे कुठून आलं?

उतार म्हणजे सगळ्या त्रुटींची एक भारित बेरीज असते. मधल्या महिन्यापासून जो महिना जितका दूर, तितकं त्याचं वजन जास्त. या बेरजेचा व्हेरियन्स काढायचा तर दोन प्रकारची पदं येतात. एक, प्रत्येक त्रुटीचा स्वतःचा वर्ग. अशी १२० पदं. दोन, वेगवेगळ्या महिन्यांच्या जोड्यांचे गुणाकार. १२० महिन्यांत अशा ७,१४० जोड्या होतात. नेहमीचं सूत्र या सगळ्या जोड्यांचा सरासरी गुणाकार शून्य धरतं. त्रुटी स्वतंत्र असतील तर ते बरोबरच आहे. पण इथे शेजारच्या महिन्यांच्या त्रुटी एकाच दिशेच्या आहेत, त्यामुळे ती पदं शून्य नाहीत, धन आहेत. ती गाळली की व्हेरियन्स लहान दिसतो.

शब्दांत सांगायचं तर असं: शेवटचं वर्षभर योगायोगाने कोरडं गेलं, तर त्या वर्षातले महिने मिळून रेषेचं टोक जास्त खोलीकडे ओढतात. नेहमीचं सूत्र समजतं की बारा स्वतंत्र साक्षीदारांनी एकच गोष्ट सांगितली. प्रत्यक्षात एकाच कोरड्या काळाची नोंद पुन्हा पुन्हा झालेली असते.

एआर-१ त्रुटींसाठी आणि लांब मालिकेसाठी याचं एक सुटसुटीत रूप आहे. x चा स्वतःच्याच आधीच्या मूल्याशी असलेला सहसंबंध r मानला, आणि x सुद्धा साधारण एआर-१ सारखा वागत असेल, तर खरा व्हेरियन्स छापलेल्या व्हेरियन्सच्या इतक्या पट असतो:

```
(1 + ρ r) / (1 - ρ r)
```

सरळ रेषेत वाढणाऱ्या महिन्याच्या क्रमांकासाठी r जवळजवळ १ आहे. मग पट १.६ भागिले ०.४, म्हणजे ४. व्हेरियन्स चौपट, म्हणून स्टँडर्ड एरर दुप्पट: ०.२०. टी-व्हॅल्यू १.५, पी-व्हॅल्यू ०.१४ च्या आसपास. ९५ टक्क्यांचा इंटरव्हल, जो ०.१० ते ०.५० दिसत होता, तो ०.१० उणे ते ०.७० अधिक असा पसरतो आणि शून्य त्याच्या आत येतं. दुसऱ्या शब्दांत, १२० नोंदींमध्ये ३० स्वतंत्र नोंदींइतकीच माहिती आहे.

हे सूत्र मान्य करण्याऐवजी स्वतः पडताळून पाहता येईल?

पाहावंच. ज्यात मुळात कसलाही कल नाही अशी मालिका हजारो वेळा तयार करायची, दर वेळी रेषा बसवायची, आणि किती वेळा पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली जाते ते मोजायचं. R मध्ये हे काही सेकंदांत होतं:

```r
n <- 120; t <- 1:n
p <- replicate(5000, {
  e <- as.numeric(arima.sim(list(ar = 0.6), n))
  summary(lm(e ~ t))$coefficients[2, 4]
})
mean(p < 0.05)
```

चाचणी प्रामाणिक असती तर उत्तर ०.०५ च्या जवळ आलं असतं. ते येतं साधारण ०.३३. कारण सरळ आहे: स्टँडर्ड एरर निम्मा छापला जातोय, म्हणजे १.९६ ची मर्यादा प्रत्यक्षात ०.९८ झाली, आणि नॉर्मल वितरणाचा जवळजवळ तिसरा हिस्सा त्या मर्यादेबाहेर असतो. कल नसलेल्या दर तीन विहिरींपैकी एकीत आपण ठणकावून सांगणार की पाणी खोल जातंय किंवा वर येतंय. `ar = 0.6` च्या जागी ०.३ आणि ०.९ घालून पाहा. धोका किती वेगाने वाढतो हे त्यातून जितकं कळतं तितकं कुठल्याही तक्त्यातून कळत नाही.

रेसिड्युअलमध्ये सहसंबंध दिसला की स्टँडर्ड एरर नेहमीच एवढा बिघडतो?

नाही. माझ्या मते या विषयातला सगळ्यात दुर्लक्षित मुद्दा हाच आहे. वरच्या सूत्रात एकटा ρ कुठेच नाही, ρ आणि r यांचा गुणाकार आहे. त्रुटी कितीही चिकट असल्या तरी x दर महिन्याला नव्याने, चिठ्ठ्या टाकल्यासारखा बदलत असेल तर r शून्य होतो, पट १ होते आणि छापलेला स्टँडर्ड एरर ठीकच असतो.

त्याच विहिरीवर दुसरा प्रश्न घ्या. शेजारचा पंप काही महिने चालू, काही महिने बंद ठेवला आणि पाणी किती खोल जातं ते पाहिलं. त्रुटी त्याच, ρ तोच ०.६. चालू-बंद दर महिन्याला नाणं उडवून ठरवलं असेल तर नेहमीचा स्टँडर्ड एरर वापरता येतो. पंप चालू झाला की काही महिने चालूच राहतो, आणि r ०.५ असेल, तर व्हेरियन्स १.८६ पट, म्हणजे स्टँडर्ड एरर ३६ टक्के जास्त हवा. r ०.९ असेल तर स्टँडर्ड एरर १.८ पट. आणि पंप बहुतेक वेळा एक महिना चालू, एक महिना बंद असा फिरत असेल, r उणे ०.५, तर छापलेला स्टँडर्ड एरर उलट जरुरीपेक्षा मोठा आहे. खरा त्याच्या पाऊणपटीहूनही कमी, ७३ टक्के.

म्हणून एकाच मॉडेलमध्ये एका चलाचा स्टँडर्ड एरर विश्वासार्ह आणि दुसऱ्याचा पूर्ण फसवा असू शकतो. सगळ्यात जास्त धोका असतो सावकाश सरकणाऱ्या चलांना: काळ स्वतः, लोकसंख्या, किंमत पातळी, धोरण लागू होण्याआधी शून्य आणि नंतर एक असा चल. नेमके हेच चल लोकांना सर्वात महत्त्वाचे वाटतात.

जास्त वेळा मोजमाप घेतलं तर प्रश्न सुटेल का?

सुटणार नाही, उलट फसगत वाढेल. समजा महिन्यातून एकदाऐवजी रोज खोली मोजली. १० वर्षांत साधारण ३,६०० नोंदी. पण महिन्याच्या अंतराने सहसंबंध ०.६ असेल, तर एका दिवसाच्या अंतराने तो ०.६ चं तिसावं मूळ, म्हणजे ०.९८३ होतो. आता पट काढा: १.९८३ भागिले ०.०१७, साधारण ११७. आणि ३,६०० भागिले ११७ म्हणजे पुन्हा ३० च्या जवळपासच. स्वतंत्र माहिती काडीमात्र वाढली नाही, कारण पाणी रोज पाहिल्याने जमिनीतली तूट लवकर भरत नाही.

सॉफ्टवेअरला मात्र हे माहीत नसतं. ते स्टँडर्ड एरर ३० च्या वर्गमुळाने, म्हणजे साडेपाच पटीने कमी करून ०.०१८ छापेल आणि टी-व्हॅल्यू ३ वरून १६ वर जाईल. खरा स्टँडर्ड एरर तेव्हाही ०.२० च्या आसपासच असेल. दैनंदिन किंवा तासागणिक नोंदींवर दिसणाऱ्या अवाढव्य टी-व्हॅल्यू पाहिल्या की मी आधी रेसिड्युअलचा आलेख मागतो. खात्री वाढवायची तर जास्त वर्षं लागतात, किंवा एकमेकींपासून दूर असलेल्या जास्त विहिरी.

सहसंबंध आहे हे ओळखायचं कसं?

आधी डोळ्यांनी. रेसिड्युअल काळाच्या क्रमाने मांडून बिंदू रेषेने जोडा. शून्याच्या एकाच बाजूला लांब लांब मुक्काम दिसले, तर पुरावा समोरच आहे. त्यानंतर एक, दोन, तीन महिन्यांच्या अंतराने सहसंबंध किती आहे याचा आलेख काढा. R मध्ये, बसवलेल्या मॉडेलचं नाव `m` असेल तर, `acf(resid(m))`. आपल्या विहिरीत तो ०.६, ०.३६, ०.२२, ०.१३ असा उतरतो. बाराव्या अंतरावर पुन्हा उंच खांब दिसला, तर ऋतूचा परिणाम नीट काढलेला नाही असं समजा.

डर्बिन-वॉटसन चाचणी १९५० आणि १९५१ मधली आहे आणि आजही अनेक पॅकेज तो आकडा छापतात. तो साधारण `2(1 - ρ)` असतो, म्हणून २ म्हणजे सहसंबंध नाही, आणि आपल्याकडे तो ०.८ येईल. पण ती फक्त शेजारच्या महिन्यापुरती पाहते, आणि y चं मागचं मूल्य x म्हणून घेतलं असेल तर २ कडे झुकून खोटा दिलासा देते. ब्रॉयश-गॉडफ्री चाचणी या दोन्ही बाबतींत बरी. `lmtest` पॅकेजमध्ये `bgtest(m, order = 4)`.

लहान मालिकेत एक गोष्ट विसरू नका. रेषा बसवताना ती त्रुटींमधला काही सावकाश चढउतार स्वतःच गिळते, म्हणून रेसिड्युअलमधला सहसंबंध खऱ्यापेक्षा कमी दिसतो. १२० नोंदींत ०.६ चा सरासरीने ०.५६ दिसेल. ३० नोंदींत तो ०.४५ च्या जवळ दिसेल. म्हणजे जिथे दुरुस्तीची गरज सर्वात जास्त, तिथेच चाचणी सर्वात जास्त वेळा ‘सगळं ठीक’ म्हणते.

रोबस्ट स्टँडर्ड एररचा पर्याय निवडला की पुरे ना?

कुठला रोबस्ट, त्यावर आहे. बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये नुसतं ‘रोबस्ट’ निवडलं की व्हाइट यांनी १९८० मध्ये मांडलेली दुरुस्ती मिळते. ती प्रत्येक त्रुटीचा व्हेरियन्स वेगळा असू शकतो हे सांभाळते, पण त्या ७,१४० जोड्या तशाच शून्य धरते. आपल्या विहिरीत तिने ०.१० च्या आसपासचाच आकडा दिला असता. तक्त्याखाली ‘रोबस्ट’ लिहिलेलं असतं, वाचणारा निर्धास्त होतो, आणि खरा दोष जागेवरच राहतो.

काळाच्या नोंदींसाठी हवी ती न्यूवी-वेस्ट यांची १९८७ मधली पद्धत. ती जवळच्या जोड्यांचे गुणाकारही मोजते, आणि अंतर वाढेल तसं त्यांचं वजन कमी करत नेते. ठरावीक अंतरानंतर वजन शून्य. या अंतराला लॅग म्हणतात. उतार जसाच्या तसा राहतो, फक्त स्टँडर्ड एरर बदलतो.

न्यूवी-वेस्टमध्ये किती लॅग घ्यायचे?

जुना, अजूनही सर्रास वापरला जाणारा ठोकताळा `4 (n/100)^(2/9)` असा आहे. १२० नोंदींसाठी त्याचं उत्तर ४. हे चार लॅग काय करतात ते हाताने मोजू. वजनं ०.८, ०.६, ०.४, ०.२. सहसंबंध ०.६, ०.३६, ०.२१६, ०.१३. गुणाकारांची बेरीज ०.८१. तिची दुप्पट अधिक १ केली की २.६२. व्हेरियन्स ४ पट हवा होता, मिळाला २.६ पट. स्टँडर्ड एरर ०.१६२, टी-व्हॅल्यू १.८५. दुरुस्ती केली, पण अर्धवट. अशा चाचणीत ५ टक्क्यांऐवजी ११ टक्के वेळा तरी खोटा कल सापडेल, आणि रेसिड्युअलमधला सहसंबंध मुळातच कमी दिसतो हे धरलं तर त्याहूनही जास्त.

लझारस, लुईस, स्टॉक आणि वॉटसन यांनी २०१८ मध्ये `1.3 √n` असा बराच मोठा आकडा सुचवला. आपल्यासाठी तो १४ येतो. त्याने पट ३.५ होते, स्टँडर्ड एरर ०.१८७ आणि टी-व्हॅल्यू १.६. खऱ्याच्या बरंच जवळ. पण लॅग वाढले की स्टँडर्ड एररचा अंदाज स्वतःच जास्त डळमळतो, म्हणून टी-व्हॅल्यूची तुलना १.९६ शी न करता त्याहून मोठ्या मर्यादेशी करावी लागते. एवढ्या लॅगला ती २.३ च्या पुढे जाते. मोठा लॅग घेऊन जुनीच मर्यादा वापरणं हे काम निम्म्यावर सोडणं आहे.

```r
library(lmtest); library(sandwich)
m <- lm(kholi ~ mahina)
coeftest(m, vcov = NeweyWest(m, lag = 14, prewhite = FALSE))
```

मी स्वतः एका आकड्यावर थांबत नाही. ४, ८, १४, २० असे लॅग घेऊन स्टँडर्ड एरर कसा सरकतो ते पाहतो. तो वाढतच राहिला, कुठेच स्थिरावला नाही, तर सहसंबंध लांब पल्ल्याचा आहे आणि ही दुरुस्ती पुरणार नाही, असं मानतो.

त्रुटींचं मॉडेलच बसवलं तर? कोक्रन-ऑर्कट वगैरे?

१९४९ मधली ही युक्ती आहे. रेसिड्युअलवरून ρ काढायचा, मग प्रत्येक नोंदीतून आधीच्या नोंदीचा ρ पट भाग वजा करायचा, y मधूनही आणि x मधूनही. उरलेल्या त्रुटी जवळपास स्वतंत्र होतात, आणि त्यांच्यावर साधं रिग्रेशन चालतं. पहिली नोंद यात वाया जाते. १९५४ मधल्या प्रेस-विन्स्टन पद्धतीत तिलाही योग्य वजन देऊन ठेवतात, आणि कल मोजताना टोकाची नोंद मौल्यवान असते, म्हणून तीच वापरावी.

आपल्या कलाच्या प्रश्नात यातून स्टँडर्ड एरर ०.२० च्या आसपास येईल आणि उतार जवळपास तोच राहील. सरळ रेषेच्या बाबतीत लांब मालिकेत साधं रिग्रेशन जवळजवळ तितकंच काटेकोर असतं. पंपाच्या प्रश्नात मात्र मोठा फायदा आहे. चालू-बंद नाण्यावर ठरवलेलं असेल, तर स्टँडर्ड एरर साध्या रिग्रेशनच्या ६९ टक्क्यांवर येतो, कारण मागच्या महिन्याची पातळी माहीत असली की या महिन्याच्या खोलीतला बराचसा भाग आधीच ओळखता येतो.

धोका वेगळ्याच ठिकाणी आहे. समजा पाणी खोल गेलेलं पाहून पुढच्या महिन्यात लोक पंप बंद ठेवतात. आता x हा मागच्या त्रुटीवर अवलंबून झाला. कोक्रन-ऑर्कट पद्धत शेजारच्या महिन्यांचे x आणि y एकमेकांत मिसळते, त्यामुळे हा संबंध अंदाजात घुसू शकतो आणि उतारच बिघडू शकतो. इथे स्टँडर्ड एररची दुरुस्ती करता करता आपण मूळ आकडा गमावून बसू शकतो. आणि अशा वेळी साधं रिग्रेशनही निर्दोष राहील असं नाही, कारण चिकट त्रुटींमुळे मागच्या महिन्याची तूट या महिन्यातही शिल्लक असते. पंप कोण, काय पाहून चालवतं हे विचारल्याशिवाय पद्धत निवडू नये.

y चं मागचं मूल्य x म्हणून घातलं की सहसंबंध जातो, असं ऐकलं आहे.

जातो, पण प्रश्नही बदलतो. मग पंपाचा सहगुणक ‘या महिन्यातला तात्काळ परिणाम’ सांगतो. दीर्घकालीन परिणाम काढायला त्याला १ वजा मागच्या मूल्याच्या सहगुणकाने भागावं लागतं. तो तसाच उचलून आधीच्या मॉडेलशी तुलना केली तर परिणाम अचानक कमी झाल्याचा भास होतो. आणि एवढं करूनही रेसिड्युअलमध्ये सहसंबंध उरला, तर आता सहगुणकसुद्धा चुकीचे होतात, कारण मागचा y आणि आजची त्रुटी एकमेकांशी जोडलेले असतात.

दुरुस्ती करण्याआधी आणखी काय तपासावं?

मॉडेलचा आकार. चिकट रेसिड्युअल हे कित्येकदा चुकीची रेषा बसवल्याचं लक्षण असतं. अस्वानजवळ मोजलेल्या नाईल नदीच्या वार्षिक प्रवाहाची १८७१ ते १९७० ही मालिका यासाठी प्रसिद्ध आहे आणि R मध्ये `Nile` नावाने तयार मिळते. तिच्यावर सरळ रेषा बसवली तर शंभर वर्षं हळूहळू घट होत असल्यासारखं दिसतं, आणि रेसिड्युअल चिकट येतात. पण आलेख पाहिला तर १८९८ च्या सुमारास प्रवाह एकदम खाली उतरल्याचं दिसतं: आधीची सरासरी साधारण १,१०० आणि नंतरची ८५०, एकक १० कोटी घनमीटर. दोन सपाट पायऱ्या मानल्या की रेसिड्युअलमधला बराचसा सहसंबंध नाहीसा होतो. इथे न्यूवी-वेस्टने उताराचा स्टँडर्ड एरर नीट करून काय मिळणार? त्या उताराला काही अर्थच नाही.

ρ जवळजवळ १ असेल तर?

मग हा दुरुस्तीचा प्रश्न राहत नाही. १९२६ मध्ये यूल यांनी दाखवलं की १८६६ ते १९११ या काळातलं इंग्लंड-वेल्समधलं चर्च ऑफ इंग्लंडच्या विधीने झालेल्या विवाहांचं प्रमाण आणि मृत्युदर यांच्यातला सहसंबंध ०.९५ आहे. दोन्ही गोष्टी आपापल्या कारणांनी सावकाश खाली येत होत्या, एवढंच. १९७४ मध्ये ग्रेंजर आणि न्यूबोल्ड यांनी एकमेकींशी काहीही संबंध नसलेल्या, दर पायरीला यादृच्छिक भर पडत जाणाऱ्या मालिका संगणकावर तयार केल्या, प्रत्येकी ५० नोंदींच्या. नेहमीच्या टी-चाचणीने साधारण तीन-चतुर्थांश वेळा त्यांच्यात संबंध ‘सापडला’. पुढे १९८६ मध्ये फिलिप्स यांनी सिद्ध केलं की अशा वेळी नोंदी वाढतील तशी टी-व्हॅल्यू n च्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतच जाते. म्हणजे जास्त माहितीने चूक उघडी पडत नाही, ती पक्की होते. न्यूवी-वेस्टही इथे वाचवत नाही, कारण दूरच्या जोड्यांचे गुणाकार मावळतात हे तिचं गृहीतकच मोडलेलं असतं.

अशा मालिकेत पातळ्यांऐवजी महिन्यागणिक झालेले बदल घेऊन काम करतात. विहिरीतलं पाणी खरोखर असं भटकत असेल, तर कलाचा अंदाज म्हणजे या बदलांची सरासरी, आणि ती सरासरी मांडून पाहा: मधल्या सगळ्या नोंदी एकमेकींना छेद देऊन निघून जातात. शेवटची नोंद वजा पहिली नोंद, भागिले ११९. मधल्या ११८ नोंदी तो अंदाज किती डळमळीत आहे हे सांगायला उपयोगी पडतात, पण उताराच्या आकड्यात त्यांचा वाटा शून्य असतो.